वीस-पंचवीस मिनिटांनी एसीचा कॉम्प्रेसर बंद पडतो: गॅस, बोर्ड की पाण्याचा पंप?

अनघा_परळ | शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार. आमचे घर परळला चौदाव्या मजल्यावर आहे. आतल्या खोलीत भिंतीवर उंच बसवलेला दीड टनाचा साधा एसी आहे, इन्व्हर्टर नाही. या खोलीला बाहेरची भिंत नाही आणि मध्ये तुळई आडवी येते, त्यामुळे पाण्याच्या नळीला उतार देता आला नाही. म्हणून सुरुवातीलाच एसीच्या शेजारी एक छोटा पंप बसवून घेतला. तो पाणी पाऊण मीटर वर फॉल्स सीलिंगमध्ये चढवतो आणि तिथून सहा-सात मीटर आडवे नेऊन न्हाणीघरात सोडतो.

तीन वर्षे काहीही तक्रार नव्हती. गेल्या शनिवारी सर्व्हिसिंग झाले आणि त्या रात्रीपासून हे सुरू झाले: एसी लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटे छान गार हवा येते, मग बाहेरचे युनिट गप्प होते, आतला पंखा मात्र चालू राहतो. आठ-दहा मिनिटांनी बाहेरचे युनिट पुन्हा सुरू होते, पण पुढच्या वेळी ते वीस मिनिटेही टिकत नाही, आठ-दहा मिनिटांतच बंद पडते. रात्रभर हेच चालते. एसी २४ अंशांवर लावलेला असतो आणि खोलीतले तापमापक २८ दाखवते, म्हणजे खोली गार झाली म्हणून तो थांबतो आहे असे नाही. पडद्यावर कोणताही कोड येत नाही आणि भिंतीवर पाण्याचा एक थेंबही नाही.

पहिला मेकॅनिक गॅस कमी आहे म्हणाला, दुसऱ्याने बोर्ड बदलायला सांगितले. दोघांनीही पंपाकडे पाहिले नाही. पैसे खर्च करण्याआधी नेमके काय तपासावे, हे कोणी सांगू शकेल का?

---

सुहास_पार्ले | शुक्रवार, रात्री ११.१५

अनघाताई, माझ्या मते पहिला मेकॅनिक बरोबर असावा. गॅस कमी झाला की कॉइल गोठू लागते, तिच्यावर बर्फ धरतो आणि काही वेळाने संरक्षण म्हणून कॉम्प्रेसर थांबवला जातो. बर्फ वितळला की तो पुन्हा सुरू होतो. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी अगदी असेच झाले होते आणि गॅस भरल्यावर थांबले.

---

यंत्रवेध | शनिवार, सकाळी ७.५०

मी मुंबईत बावीस वर्षे वातानुकूलनाच्या दुरुस्तीचे काम करतो आहे. सुहासरावांनी सांगितलेला प्रकार खरा आहे, पण तो ओळखायला सोपा असतो. गॅस कमी असेल तर गार हवा हळूहळू मंदावत जाते, आणि जाळी काढून टॉर्च मारला की कॉइलच्या एका भागावर पांढरा थर दिसतो. अनघाताईंच्या वर्णनात हवा शेवटच्या मिनिटापर्यंत चांगली गार आहे आणि मग एकदम बाहेरचे युनिट बंद पडते. हे वीज तोडल्याचे लक्षण आहे, थंडावा कमी झाल्याचे नाही.

आता वेळांकडे पाहा. एसी सुरू केला की कॉइल ओली होऊन पाणी ट्रेमधून नळीत उतरायला बारा-पंधरा मिनिटे लागतात. म्हणून पहिली फेरी लांब असते. पुढच्या फेऱ्यांत कॉइल आधीच ओली असते, पाणी लगेच येऊ लागते आणि एसी लवकर थांबतो. पहिली फेरी लांब आणि पुढच्या आखूड हा क्रम दिसला की मी आधी पाण्याच्या वाटेकडे जातो.

तुमच्या पंपाला एक लहानशी टाकी असते. तिच्यात चुंबक असलेला फ्लोट वर-खाली होतो. पाणी थोडे वर आले की पंप सुरू होतो, खाली गेले की थांबतो, आणि काही कारणाने पाणी आणखी वर चढले तर पंपातला एक सुरक्षा संपर्क उघडतो व कॉम्प्रेसर तोडतो, म्हणजे पाणी भिंतीवर सांडत नाही. तुमच्याकडे थेंबही सांडला नाही याचा अर्थ हा संपर्क आपले काम चोख करतो आहे.

कोड न येण्याचेही कारण यातच आहे. साध्या एसीत हा संपर्क बहुतेक वेळा आतून बाहेर जाणाऱ्या कॉम्प्रेसरच्या तारेत घातलेला असतो. आतल्या बोर्डाने कॉम्प्रेसरला आपला हुकूम दिलेलाच असतो, वाटेत तो तोडला गेला हे त्याला कळत नाही. इन्व्हर्टर एसीत हीच जोडणी आत-बाहेरच्या संदेशाच्या तारेत केली असेल तर संदेश तुटल्याचा कोड येतो, आणि त्या कोडापायी मी लोकांना दोन-दोन बोर्ड बदलताना पाहिले आहे. मूळ कारण मात्र पंपाच्या टाकीत साचलेला गाळ निघतो.

दोन गोष्टी सांगा. कॉम्प्रेसर बंद पडतो तेव्हा पंपाचा घरघर आवाज चालू असतो का? आणि शनिवारी सर्व्हिसिंग करताना कॉइल पाण्याच्या फवाऱ्याने धुतली होती का?

---

राजेश_मुलुंड | शनिवार, सकाळी ९.०५

इतके खोलात जाण्याची गरज नाही. पंपातून दोन तारा निघतात त्या एकमेकींना जोडून टाका, एसी अखंड चालेल. आमच्या मेकॅनिकने हेच केले आणि वर्षभर काही त्रास नाही.

---

यंत्रवेध | शनिवार, सकाळी ९.४०

राजेशराव, त्या तारा जोडल्यावर एसी चालला तर दोष पाण्याच्या बाजूला आहे एवढे नक्की कळते, आणि तपासणी म्हणून आम्हीही ते काही मिनिटांसाठी करतो. पण ते तसेच ठेवणे म्हणजे टाकी भरल्यावर एसीला थांबवणारे कोणीही न उरणे. ज्या दिवशी पंप अडेल त्या दिवशी तासाला दोन लिटर पाणी भिंतीतून आणि पीओपीतून खाली उतरेल, आणि चौदाव्या मजल्याखाली तेराव्या मजल्यावरचे घर आहे. तुमच्याकडे वर्षभर पंप चालला म्हणून त्रास झाला नाही, तारा जोडल्यामुळे नाही. आपल्या घरी त्या तारा पूर्ववत करून घ्याव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अनघाताईंसाठी यापेक्षा सोपा मार्ग आहे आणि त्यात तारांना हात लावावा लागत नाही. त्या तारांत २३० व्होल्ट असतात, तेव्हा घरच्यांनी तिकडे जाऊच नये. एसीची पाण्याची नळी पंपाच्या टाकीत जिथे शिरते तिथून अलगद बाहेर काढावी आणि स्टुलावर ठेवलेल्या बादलीत सोडावी. बादली एसीपेक्षा खाली असली की पाणी आपोआप उतरेल. टाकीत पाणीच येणार नाही, त्यामुळे सुरक्षा संपर्क मिटलेला राहील. असा एसी तासभर चालवा. कॉम्प्रेसर न थांबता चालला तर गॅस आणि बोर्ड दोन्ही विसरून जा. बादलीतले पाणी मोजून ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

---

मीनल_अंधेरी | शनिवार, दुपारी १२.३०

आमच्या अंधेरीच्या कार्यालयात छताआड डक्टेड युनिट आहे आणि त्यालाही फ्लोट आहे. आमचा प्रश्न असा की संध्याकाळी युनिट बंद केल्यावर पाचेक मिनिटांत खालच्या दुसऱ्या ट्रेमध्ये धो-धो पाणी येते, फ्लोट वर जातो आणि सकाळी युनिट सुरूच होत नाही. पंप वगैरे काही नाही, उताराची नळी आहे. मेकॅनिक येतो तेव्हा युनिट बंद असते, तो बाटलीभर पाणी ओतून नळी मोकळी असल्याचे दाखवतो आणि जातो. अनघाताईंनीही नळीचा उतार पाहून घ्यावा असे मला वाटते.

---

यंत्रवेध | शनिवार, दुपारी १.१०

मीनलताई, तुमचा प्रकार वेगळा आहे. डक्टेड युनिटमध्ये बहुधा पंखा कॉइलच्या पुढे असतो आणि हवा कॉइलमधून ओढून घेतो, त्यामुळे ट्रेपाशी ओढ असते. नळीला पाण्याचा सापळा, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखे वळण नसेल, तर पंखा त्या नळीतून बाहेरची हवा वर ओढतो आणि ती हवा पाणी ट्रेमध्येच अडवून धरते. दिवसभर पाणी साचत राहते. पंखा थांबला की ओढ संपते आणि ते सगळे एकदम सुटते. युनिट बंद असताना ओतलेले पाणी सुरळीत जाणारच, म्हणून पंखा चालू ठेवून तपासायला सांगा. नळीच्या तोंडाशी टिश्यू पेपरचा कपटा धरला आणि तो आत ओढला गेला, तर सापळा नाही किंवा कोरडा पडला आहे असे समजावे. पन्नासेक मिलिमीटर खोलीचा सापळा अशा लहान युनिटला सहसा पुरतो.

अनघाताईंच्या नळीला उतार नाहीच, तेव्हा तो शोधत बसू नये.

---

अनघा_परळ | रविवार, दुपारी ४.२०

सर्वांचे आभार. यंत्रवेध यांच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते. कॉइल पाण्याच्या फवाऱ्यानेच धुतली होती आणि ते सगळे काळे पाणी याच पंपातून गेले. कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा पंपाची घरघर चालू असते. पूर्वी तो अधूनमधून काही सेकंद वाजायचा, आता तो जवळजवळ थांबतच नाही. आम्हाला ते पावसाच्या आवाजात लक्षात आले नव्हते.

नळी बादलीत सोडून एसी तासभर चालवला. कॉम्प्रेसर एकदाही थांबला नाही आणि बादलीत मापाच्या भांड्याने २ लिटर १०० मिली पाणी भरले.

मग मी माझ्या मनाने एक प्रयोग केला. एसी बंद करून तेच पाणी पंपाच्या टाकीत बारीक धारेने ओतत राहिले आणि मुलाला न्हाणीघरात मापाचे भांडे व घड्याळ घेऊन उभे केले. पंप पूर्ण वेळ चालू होता आणि पाच मिनिटांत पलीकडे फक्त १४० मिली पाणी पडले. हे कमी आहे की बरोबर, हे मला कळत नाही.

---

यंत्रवेध | रविवार, संध्याकाळी ६.००

उत्तम प्रयोग केलात, आणि दोषाचे उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे. पाच मिनिटांत १४० मिली म्हणजे तासाला सुमारे १ लिटर ७०० मिली. एसी मात्र तासाला २ लिटर १०० मिली पाणी काढतो आहे, आणि जुलैच्या दमट हवेत दीड टनाच्या एसीकडून तेवढे पाणी अपेक्षितच आहे. म्हणजे मिनिटाला सहा-सात मिली पाणी टाकीत उरते. पंप सुरू होण्याची पातळी आणि सुरक्षा संपर्क उघडण्याची पातळी यांत जेमतेम अर्धी वाटी पाणी मावते, ते आठ-दहा मिनिटांत भरते आणि कॉम्प्रेसर तुटतो. पंप चालूच असल्याने पातळी पुन्हा उतरते आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या वेळा याच हिशेबाच्या आहेत.

या प्रकारचे छोटे पंप इतक्या कमी चढावर तासाला सहा-सात लिटर तरी सहज टाकतात. तुमचा पंप मेलेला नाही, त्याचा गळा दाबला गेला आहे. जागा तीनच: टाकीतली बारीक जाळी, टाकीपासून पंपापर्यंतची नळी, आणि छतातली नळी कुठेतरी मुडपलेली असणे. जाळीपासून सुरुवात करा.

एमसीबी खाली पाडून टाकीचे झाकण उघडा. फ्लोट काढण्याआधी मोबाइलवर छायाचित्र घ्या, कारण त्याची चुंबकाची बाजू ठरावीक असते. धुऊन तो उलटा बसवला तर पातळीचा सगळा हिशेब चुकतो आणि चांगला पंप बिघडल्यासारखा वागतो. सर्व्हिसिंगनंतर आलेल्या तक्रारींत हे मी कितीदा तरी पाहिले आहे. साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. फिनेल, आम्ल किंवा ब्लीच आत घालू नये, त्याने रबरी भाग खराब होतात आणि ते ट्रेमध्ये गेले तर कॉइलचे अॅल्युमिनियमही खाते.

---

अनघा_परळ | रविवार, रात्री ९.१५

झाकण उघडले. जाळीवर ओल्या राखेसारखा करडा चिखल बसला होता आणि त्याखाली साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत, तपकिरी थर होता. तो नखाने ओढल्यावर सालीसारखा अख्खा निघून आला. फ्लोटच्या कडेलाही तेच लागले होते. सगळे धुऊन, छायाचित्रात पाहून, फ्लोट होता तसा बसवला.

पुन्हा मोजले. पाच मिनिटांत ६१० मिली. एसी सात वाजल्यापासून चालू आहे आणि एकदाही थांबलेला नाही. पंप पूर्वीसारखा थोडा वेळ वाजून गप्प बसतो.

दोन गोष्टी मनात राहिल्या. गेल्या आठवड्यात कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होताना कधी कधी नुसता घुमायचा आणि टक् आवाज होऊन थांबायचा. दुसरे म्हणजे पंपाच्या शेजारच्या पांढऱ्या पट्टीत जिथे जाड तारा जोडल्या आहेत, तिथे एका स्क्रूभोवतीचे प्लास्टिक चहाच्या रंगाचे झाले आहे. मी हात लावलेला नाही.

---

यंत्रवेध | रविवार, रात्री १०.०५

हात लावला नाहीत हे फार चांगले केलेत, आणि हे सांगितलेत हे त्याहून चांगले. जाळीपेक्षा मला याचीच अधिक काळजी वाटते.

जाड तारा म्हणजे कॉम्प्रेसरचा पूर्ण प्रवाह पंपाच्या त्या लहान संपर्कातून जातो आहे. दीड टनाचा साधा कॉम्प्रेसर चालताना सात-आठ अँपिअर घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. असा संपर्क आठवडाभर दर पंधरा-वीस मिनिटांनी उघडत-मिटत राहिला की तो तापतो, आणि एक दिवस वितळून कायमचा चिकटतो. चिकटला तर एसी झकास चालेल, कोणालाही काही कळणार नाही, आणि पुढच्या वेळी जाळी तुंबेल तेव्हा पाणी भिंतीवर येईल.

घुमण्याचे कारणही हेच. एसीचा स्वतःचा बोर्ड कॉम्प्रेसर थांबवतो तेव्हा पुन्हा सुरू करण्याआधी साधारण तीन मिनिटे वाट पाहतो, तोवर नळ्यांतला दाब समान होतो. इथे बोर्डाला काही कळलेच नाही, त्यामुळे टाकीतले पाणी उतरताच कॉम्प्रेसरला दाबावर सुरू व्हावे लागले. त्याला ते जमले नाही आणि तो फार तापला की वीज तोडणारे त्याचे ओव्हरलोड उघडले. तुमच्या आठ-दहा मिनिटांच्या विश्रांतीत काही मिनिटे तरी हे ओव्हरलोड गार होण्याची असणार.

जाणकार इलेक्ट्रिशियनकडून ती पट्टी बदलून घ्या आणि मल्टिमीटरने संपर्क तपासून घ्या. पंपाची बाहेर जाणारी नळी बोटाने दाबून धरायची, टाकीत पाणी ओतायचे, आणि पातळी वर गेल्यावर संपर्क खरोखर उघडतो का ते पाहायचे. उघडला नाही तर पंपाचा तो भाग बदलावाच लागेल.

---

तळेकर_इलेक्ट्रिकल | सोमवार, सकाळी ८.३०

मी इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहे. इथे कॉन्टॅक्टर, म्हणजे लहान प्रवाहाने चालून मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, बसवणे हाच योग्य उपाय आहे. पंपाच्या संपर्काने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि कॉम्प्रेसरचा प्रवाह कॉन्टॅक्टरने वाहावा. खर्च थोडा, जोडणी स्वच्छ आणि पुढे येणाऱ्या कोणत्याही मेकॅनिकला ती वाचता येते.

---

यंत्रवेध | सोमवार, सकाळी ९.१५

तळेकरसाहेब, प्रवाहाचा प्रश्न त्याने सुटतो हे मान्य. पण तीन मिनिटांच्या विश्रांतीचा प्रश्न तसाच राहतो, कारण बोर्ड अजूनही अंधारातच असतो. म्हणून मी शक्य तिथे पंपाचा संपर्क खोलीच्या तापमानाच्या सेन्सरच्या तारेत घालतो. तार उघडली की बोर्ड स्वतः कॉम्प्रेसर थांबवतो, सेन्सरचा कोड दाखवतो आणि पुन्हा सुरू करताना आपली विश्रांती पाळतो.

---

तळेकर_इलेक्ट्रिकल | सोमवार, सकाळी १०.००

सेन्सरची तार तुटल्यावर प्रत्येक एसी थांबतोच असे नाही. काही मॉडेल ठरावीक वेळ चालू, ठरावीक वेळ बंद अशा पद्धतीने चालत राहतात आणि पाणी काढत राहतात, हे मी प्रत्यक्ष अनुभवले आहे. शिवाय त्या बारीक तारांत जोड दिला आणि दमट हवेत तो गंजला, तर तापमानच चुकीचे वाचले जाते. विश्रांतीसाठी कॉन्टॅक्टरच्या आधी तीन मिनिटांचा टायमर लावता येतो.

---

यंत्रवेध | सोमवार, सकाळी १०.२५

टायमरची सूचना चांगली आहे. सेन्सरच्या तारेचा मार्ग निवडायचा तर आधी ती तार काढून तो विशिष्ट एसी खरोखर थांबतो का ते पाहावेच लागते, हेही बरोबर. तरीही माझा कल अजून सेन्सरकडेच आहे, कारण कोड दिसला की घरच्यांना निदान काहीतरी बिनसल्याचे कळते. अनघाताईंच्या एसीवर दोन्ही चालू शकेल. जो माणूस प्रत्यक्ष काम करणार आहे त्याला जे नीट येते ते करावे.

---

सुहास_पार्ले | सोमवार, दुपारी १.४०

माझा अंदाज चुकला, हे वाचून बरेच शिकायला मिळाले. एक शंका आहे. पंपाचीच वीज गेली, म्हणजे त्याचा फ्यूज उडाला किंवा प्लग सैल झाला, तर सुरक्षा संपर्क उघडतो की मिटलेलाच राहतो?

---

यंत्रवेध | सोमवार, दुपारी २.१०

ते बनावटीवर अवलंबून आहे. काही पंपांत वीज गेली की संपर्क उघडतो, काहींत तो मिटलेलाच राहतो आणि एसी पाणी सांडेपर्यंत चालतो. अनघाताई, इलेक्ट्रिशियन आला की एसी चालू असताना त्याच्याकडून फक्त पंपाची वीज बंद करून घ्या. बाहेरचे युनिट थांबले नाही तर पंप आणि एसी एकाच स्विचवर आणायला सांगा. पंपाचा स्वतःचा फ्यूज उडाला तर त्याने संरक्षण मिळणार नाही, पण पंप चुकून बंद राहून एसी चालू राहण्याचा धोका तरी जाईल.

---

अनघा_परळ | गुरुवार, रात्री ९.३०

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. पट्टी काढल्यावर आतली तार काळी पडून तिचे आवरण ठिसूळ झालेले दिसले. नळी दाबून पाणी ओतल्यावर संपर्क पहिल्यांदा उघडला, दुसऱ्यांदा उघडायला टाकीवर दोनदा टिचकी मारावी लागली. त्यामुळे पंपाचा तो भाग बदलायचे ठरले आणि त्याने टायमरसह कॉन्टॅक्टर बसवला. पंपाची वीज बंद केल्यावर आमचे बाहेरचे युनिट चालूच राहिले, म्हणून आता दोन्ही एकाच स्विचवर आहेत. पुढच्या सर्व्हिसिंगला धुण्याचे पाणी बादलीत काढायचे, हे कागदावर लिहून एसीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे.

एकच गोष्ट उरली आहे. पंप थांबण्याच्या आधी दोन-तीन सेकंद खडखडतो, स्ट्रॉने सरबताचा तळ ओढल्यासारखा. पाणी नीट जाते, पण रात्री तो आवाज जाणवतो.

---

यंत्रवेध | गुरुवार, रात्री १०.१०

न्हाणीघरातले नळीचे टोक पंपाच्या टाकीपेक्षा खाली, जमिनीजवळ सोडले आहे का? तसे असेल तर पाणी स्वतःच्या वजनाने टाकी रिकामी ओढून घेते आणि पंप हवा खाऊ लागतो. सततच्या कोरड्या धावण्याने त्याचे आयुष्य कमी होते. टोक कुठे आहे ते पाहून इथे लिहा, मग सायफन तोडणारा झडपेचा तुकडा बसवायचा की नळीच वर उचलायची ते ठरवू.

---

अनघा_परळ | गुरुवार, रात्री १०.२५

टोक जमिनीतल्या जाळीत, टाकीपेक्षा जवळजवळ दोन मीटर खाली आहे. रविवारी सीलिंगची झडप उघडून नळीचा मार्ग पाहते आणि छायाचित्र टाकते.